मदत हवी आहे: अर्धवट रक्कम आधीच दिलेला चेक बाउन्स झाला, नोटीस पूर्ण रकमेची

पुण्यात छोटा व्यवसाय आहे. नाशिकच्या पुरवठादाराला 1,80,000 रुपयांचा चेक दिला होता. तो बँकेत भरण्याआधीच 60,000 एनईएफटीने दिले, पण चेकवर तशी नोंद करून घेतली नाही. त्यांनी पूर्ण रकमेचा चेक भरला, तो ‘फंड्स इन्सफिशियंट’ शेऱ्याने परत आला. रिटर्न चार्जेस आणि त्यावरचा 18 टक्के जीएसटी माझ्या खात्यातून कापला गेला.

रिटर्न मेमोनंतर 30 दिवसांच्या आत कलम 138 ची नोटीस आली, म्हणजे मुदतीचा आक्षेप घेता येत नाही. मागणी पूर्ण 1,80,000 ची आहे. नोटीस मिळून 6 दिवस झाले, पैसे द्यायला 15 दिवस असतात. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, शिवाय त्यांचं खातं नाशिकला असल्याने खटलाही तिकडेच, हे माहीत आहे. फोन केला, ते 60,000 ‘जुन्या बिलाचे’ म्हणतात. माझ्याकडे यूटीआर नंबर आणि त्याच बिलाचा उल्लेख असलेला व्हॉट्सॅप मेसेज आहे.

उरलेले 1,20,000 देणं आहेच, ते लगेच देऊ शकतो. हे एनईएफटीने भरून वकिलामार्फत पुराव्यासह उत्तर पाठवलं तर 138 ची तक्रार टिकेल का? आणि मूळ चेक परत मिळेपर्यंत रक्कम रोखून धरणं धोक्याचं आहे का?