टीव्हीच्या पडद्यावर अडकलेला ठिपका : तुमचा गेला का, कसा गेला?

मृण्मयी, गिरगाव

पडद्यावर एकच ठिपका कायमचा लाल, हिरवा किंवा काळा राहतो, त्याबद्दलचे अनुभव इथे लिहा. आमचा ४३ इंची ४के एलईडी टीव्ही आहे. रात्रीचं दृश्य आलं की उजवीकडे खाली लाल ठिपका चमकतो, दिवसाच्या दृश्यात शोधूनही सापडत नाही. दुकानदार म्हणतो, पॅनेल बदलावं लागेल. एका ठिपक्यासाठी? कोणी घरच्या घरी घालवलाय का? आणि काय केल्याने आणखी बिघडलं, तेही सांगा.

सुहास, परळ

हो, घालवलाय. चष्म्याचं मऊ कापड घेतलं, ठिपक्यावर बोटाने दाबून धरलं, टीव्ही बंद करून चालू केला. ठिपका गायब. दहा मिनिटांचं काम. सगळ्यांनी करून पाहा.

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

माझं आयुष्य पॅनेलच्या दुरुस्तीत गेलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

सुहास, तुमचा गेला यावर माझा विश्वास आहे. कधीकधी जातो. पण टीव्हीची काच मोबाइलसारखी जाड नसते आणि तिच्या मागे आधारही नसतो. दाब थोडा जास्त झाला की एका ठिपक्याच्या जागी काळा डाग होतो, नाहीतर तडा जातो. तडा हा बाहेरून झालेला आघात, तो वॉरंटीत बसत नाही. माझ्याकडे असे टीव्ही येतात, आणि तेव्हा मला काहीही करता येत नाही.

मृण्मयीताई, आधी टीव्हीचा स्वतःचा सेटिंग मेनू उघडा आणि तो ठिपक्याच्या जागेवर येतोय का पाहा. मेनूवरही ठिपका कायम असेल तर दोष पडद्यात आहे, सेटटॉप बॉक्समध्ये नाही. मग लॅपटॉपवर पाच साधी चित्रं करा: पूर्ण काळं, पांढरं, लाल, हिरवं, निळं. पेनड्राइव्हवर टाका, टीव्हीवर पूर्ण पडदाभर लावा. कोणत्या रंगावर ठिपका कसा दिसतो ते इथे लिहा. त्याआधी पडदा कोरड्या मायक्रोफायबरने हलकेच पुसा. काचेचं स्प्रे नको.

स्वाती, मुलुंड

आमच्या घरामागे राष्ट्रीय उद्यान आहे. पावसाळ्यात बारीक किडे येतात. पडद्यावर काळा ठिपका आला, सगळे पिक्सल गेला म्हणायला लागले. दोन दिवसांनी तो वेगळ्याच जागी! किडा आतल्या पांढऱ्या पत्र्यांमध्ये शिरला होता. आम्ही पडद्याला हात लावला नाही, खोलीतले दिवे बंद करून टीव्हीही बंद ठेवला. किडा आपणहून बाहेर गेला की खाली पडला, कळलं नाही.

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

स्वातीताई, हात लावला नाहीत हे फार बरं केलंत. दाबला असता तर तो आतच चिकटून मेला असता. मेलेला किडा काढायला अख्खं पॅनेल खोलावं लागतं. हलत नसलेला ठिपका ओळखायचा असेल तर मोबाइल पडद्याजवळ नेऊन मोठा फोटो काढा. पिक्सल असेल तर जाळीतला एकच नीटस चौकोन काळा दिसतो. किडा किंवा धूळ असेल तर कडा धुरकट दिसतात आणि जाळी त्याच्यावरून गेलेली दिसते.

मृण्मयी, गिरगाव

काका, केलं. काळ्यावर लाल ठिपका. हिरव्यावर पिवळा, निळ्यावर जांभळट. लाल आणि पांढऱ्यावर दिसतच नाही.

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

मग चित्र स्पष्ट आहे. एका पिक्सलमध्ये लाल, हिरवा, निळा असे तीन कप्पे असतात. तुमचा लाल कप्पा कायम उघडा राहिलाय. म्हणून हिरव्यात मिसळून पिवळा होतो, आणि लाल-पांढऱ्यात तो हवाच असतो म्हणून लपतो. हा अडकलेला पिक्सल. यावर निदान प्रयत्न करण्यासारखा असतो. याच्या उलट लाल पडद्यावर काळा आणि पांढऱ्यावर निळसर-हिरवा दिसला असता तर तो कप्पा बंद पडलाय असं म्हणालो असतो. त्या कप्प्याला वीज देणारा ट्रान्झिस्टर काचेवरच छापलेला असतो. तिथे सोल्डरिंग पोचत नाही, त्यामुळे तो दुरुस्त होत नाही.

प्रयत्न असा: लॅपटॉप एचडीएमआयने टीव्हीला जोडा, ब्राउझरमध्ये JScreenFix उघडा आणि रंगांची ती लुकलुकणारी चौकट ओढून ठिपक्यावर ठेवा. टीव्ही पीसी किंवा गेम मोडवर ठेवा, नाहीतर चित्र गुळगुळीत करणारी सेटिंग्ज ते लुकलुकणं मंदावतात. ब्राइटनेस मध्यम. अर्धा तास चालवा, मग काळं चित्र लावून तपासा. फरक नसेल तर दुसऱ्या दिवशी दोन-तीन तास. तेवढ्यानेही हललं नाही तर थांबा. रात्ररात्र चालवून काही मिळतं असा माझा अनुभव नाही. घरात कोणाला फिट येत असतील तर हा प्रकार त्यांच्यासमोर मुळीच नको. लहान मुलांनाही समोर बसवू नका.

प्रथमेश, बोरिवली

माझ्या टीव्हीवर वरून खालपर्यंत हिरवी उभी रेघ आहे. हेच चालवू का?

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

नाही प्रथमेश, रेघ हा पिक्सलचा आजार नाही. पडद्याच्या कडेला चिकटवलेली चिपची पट्टी सुटली की रेघ येते. बाँडिंग मशीन असलेल्याला दाखवा. आणि कोणाला मोठे गोल पांढरे डाग दिसत असतील तर मागच्या एलईडीवरची भिंगं गळलेली असतात, ते काम होतं.

नीलांबरी, दादर

आमचा ओएलईडी आहे, एक काळा ठिपका आहे. मेनूत पॅनेल रिफ्रेश आहे, रोज चालवला तर पिक्सल जिवंत होईल ना?

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

नाही होणार. ओएलईडीत प्रत्येक पिक्सल स्वतः उजेड देतो, विझला तो विझला. रिफ्रेश सगळ्या पडद्याची झीज सारखी करायला असतो, तो हाताने वारंवार लावू नका. लुकलुकणारी चौकटही एका जागी तासन्‌तास नको, तिथेच झीज होईल.

मृण्मयी, गिरगाव

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी काळ्यावर तो मंद वाटला, आज संध्याकाळी दिसला नाही. काका, हे चौकटीमुळे झालं की आपोआप?

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

प्रामाणिकपणे, सांगता येत नाही. काही न करताही गेलेले पाहिलेत.

अद्वैत, चेंबूर

दुकानात काम करतो म्हणून सांगतो. ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख पिक्सल असतात, आणि एक-दोन बिघडले तर बऱ्याच कंपन्या तो दोष मानतच नाहीत. किती ठिपके चालतील ते वॉरंटीच्या कागदात लिहिलेलं असतं, मधल्या भागासाठी नियम कधी वेगळा असतो. म्हणून टीव्ही बसवायला माणूस येतो तेव्हाच काळं आणि पांढरं चित्र लावून घ्या आणि मगच त्याच्या कागदावर सही करा. ऑनलाइन घेतला असेल तर परत करायची मुदत थोडी असते, त्या मुदतीत ठिपका कबूल करून घेणं सोपं जातं. ऐकलंच नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५.

संजीवनी, विक्रोळी

माझा असाच गेला होता. काही महिन्यांनी त्याच जागी परत आला. पुन्हा चालवू का?

जयंतकाका, लॅमिंग्टन रोड

एकदा चालवून पाहा. पण त्याआधी काळ्या पडद्यावरचा फोटो बिलासोबत जपून ठेवा, आणि वॉरंटी संपत आली असेल तर तक्रार आधी नोंदवा.