निवडणूक आणि नळाचं पाणी

"निवडून आलेली ग्रामपंचायत असली की कारभार आपोआप सुधारतो, असं शोधनिबंधात लिहायला काय हरकत आहे?" असं तुम्ही विचारलंत.

माझी हरकत 'आपोआप' या शब्दाला आहे. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ च्या निधीपैकी ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेलाच बांधलेली होती, आणि ग्रामपंचायत अधिकारी, म्हणजे पूर्वीचा ग्रामसेवक, जिल्हा परिषदेचा कर्मचारी असतो. म्हणजे मतदार जाब विचारतात सरपंचाला, पण बरेचसे निर्णय त्याच्या हातात नसतात.

तरीही जिथे निर्णय गावातच होतो तिथे फरक पडतो, हे मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या आमच्या गावात पाहिलं. नळयोजनेची टाकी खालच्या वाडीजवळ, आमची वाडी वर सड्यावर. एप्रिलमध्ये आमच्याकडे पाणी चढेना, म्हणून लोकांनी पाणीपट्टी भरणं सोडलं. त्यामुळे पंपाचं वीजबिल थकलं आणि पंप आणखी कमी वेळ चालू लागला. आमच्या प्रभागात दोन वाड्या, आणि सदस्य नेहमी मोठ्या, खालच्या वाडीचा. त्याला आमच्या मतांची गरजच नव्हती.

१ मेच्या ग्रामसभेला चाकरमानी गावात होते, म्हणून गणपूर्ती झाली. (एरवी सभा तहकूब व्हायची आणि तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, मग दहा-बारा जणांत ठराव व्हायचे.) त्या दिवशी आम्ही वसुलीची वही वाडीवार वाचायला लावली. थकबाकी कुठे आणि कशामुळे, ते सगळ्यांसमोर आलं. व्हॉल्व्ह एक दिवसाआड आमच्या वाडीकडे फिरवायचा ठराव झाला, वेळापत्रक फलकावर लागलं आणि पावसाळ्याआधी आमच्या वाडीने बाकी भरली. शोधनिबंधात निवडणुकीसोबत प्रभागरचना आणि ग्रामसभेची हजेरीही तपासा.