खोट्या कळा की खऱ्या? तुम्ही कसं ओळखलंत?

काल रात्री दीडला मावसबहिणीचा फोन, "ताई, पोट दगडासारखं कडक होतंय, निघू का?" ३८ वा आठवडा चालू आहे तिचा. फोन ठेवला आणि माझी जुनी वही शोधली. त्यात तेव्हाच्या दोन रात्री नवऱ्याच्या अक्षरात आहेत.

पहिली रात्र : ११:१०, ११:१७, ११:३७, ११:४६, १२:११. म्हणजे ७, २०, ९, २५ मिनिटं, काही ताल नाही. एखादी २० सेकंद, एखादी ४५. लघवीला जाऊन आले, दोन ग्लास पाणी प्यायले, कुशीवर पडले तर तासाभरात गायब.

चार दिवसांनी दुसरी रात्र : दोन वाजता ९ मिनिटांनी, मग ८, ८, ७. कंबरेतून सुरू होऊन पुढे यायची. चालले तर वाढली. तीनपासून पाच-पाच मिनिटांनी, प्रत्येक जवळजवळ मिनिटभर, आणि ती असताना मला वाक्य पूर्ण करता येईना. तासभर तसंच चाललं म्हणून चारला डॉक्टरांना फोन केला, त्या म्हणाल्या या. पोचलो तेव्हा पिशवीचं तोंड ४ सेंमी उघडलेलं होतं.

तुमचे अनुभव लिहा, बहिणीला वाचायला देणार आहे.

रानजाई: माझं सगळं रात्री २ लाच का व्हायचं देव जाणे. ३५ व्या आठवड्यापासून रोज संध्याकाळी पोट कडक, विशेषतः पाणी कमी प्यायलेलं असलं की. दुखायचं मात्र नाही.

दोनपिल्लांचीआई: सोपं आहे, चालल्यावर थांबल्या तर खोट्या, नाही थांबल्या तर खऱ्या. पाच मिनिटांवर येईपर्यंत घरीच थांबायचं, उगाच लवकर गेलं तर परत पाठवतात.

निळीशाई: @दोनपिल्लांचीआई, पहिलं बाळंतपण, दिवस भरलेले आणि बाकी सगळं ठीक असेल तर बरोबर. पण मी लेबर रूममध्ये नर्स आहे म्हणून सांगते, ३७ आठवड्यांच्या आधी पाच मिनिटांची वाट बघायचीच नाही. तासात चार-सहा वेळा पोट कडक झालं, न दुखता का होईना, तरी लगेच फोन करा. पाणी गेलं, अंगावर लाल रक्त गेलं, बाळाची हालचाल कमी वाटली तर घड्याळ बाजूला ठेवा आणि फोन करा, कळा असोत नसोत. आधी सिझर झालेलं असेल किंवा दुसरी खेप असेल तर कधी निघायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. दुसऱ्या खेपेला बऱ्याचदा भराभर होतं, तासभर मोजत बसू नका.

रानजाई: चिकट गुलाबीसर काहीतरी जातं ते पण रक्तात धरायचं का?

निळीशाई: थोडासा गुलाबी चिकट स्राव म्हणजे तोंड तयार होतंय, त्यानंतर तासाभरातही कळा येतात नाहीतर काही दिवसही जातात. पाळीसारखं वाहिलं तर ते वेगळं, लगेच निघायचं.

बाबालोक: आम्ही मोजण्यातच चुकलो होतो. एक कळ संपली की पुढची सुरू होईपर्यंतचा वेळ लिहीत होतो. फोनवर सांगितलं "तीन मिनिटांनी येतायत", पलीकडून विचारलं "सुरुवातीपासून सुरुवातीपर्यंत की मधला आराम?" मोजायचं असतं या कळेच्या सुरुवातीपासून पुढच्या कळेच्या सुरुवातीपर्यंत. तसं धरलं तर चार मिनिटं होत होती. बायको कळेत असताना तिला "आता सुरू का?" विचारायचो याचं मला अजून वाईट वाटतं, तिने नुसता हात दाबला असता तरी पुरलं असतं.

कापूस: कळा तर मला बाळंतपणानंतर पण यायच्या, बाळाला पाजायला घेतलं की! दुसऱ्या वेळी तर जास्तच. कोणी सांगितलंच नव्हतं.

बाबालोक: @कापूस हो, हिलाही. पिशवी आक्रसते म्हणे.

मधलीआळी: माझं कुठेच बसत नाही. ३९ व्या आठवड्यात सहा तास ७-७ मिनिटांनी दुखत होतं, आंघोळ केली, चालले, काही फरक नाही. गेलो तर तोंड जेमतेम १ सेंमी, दोन तासांनी तपासलं तरी तेवढंच. सकाळी सगळं थांबलं. तीन दिवसांनी खरं. मग त्या सहा तासांना काय म्हणायचं?

निळीशाई: असं होतं. मोजून अंदाज येतो, पण खरं ते तोंड उघडतंय का यावर. नुसत्या फोनवर ते आम्हालाही सांगता येत नाही, म्हणून तुम्ही गेलात ते योग्यच केलंत.

दोनपिल्लांचीआई: ३७ च्या आधीचं मला खरंच माहीत नव्हतं. जाऊबाईंना ३२ वा आहे, आत्ताच सांगते.

रानजाई: खोट्या कळांना ब्रॅक्स्टन हिक्स म्हणतात ना, ती दोन माणसं असतील असं मला वाटायचं, एकच डॉक्टर निघाले, १८७२ साली लिहून ठेवलंय त्यांनी. बाळ उठलं, येते नंतर.

(धागाकर्ती): बहिणीने आत्ता आकडे पाठवले, ११, ६, १९, १४. पाणी पिऊन पडायला सांगितलंय. हालचाल छान आहे म्हणते. शेवटचा आकडा येऊन चाळीस मिनिटं झाली, झोपली असावी.