फ्रिजमधली अंडी परत बाहेर ठेवण्याबद्दल

"फ्रिजमध्ये जागा नसली की अर्धी अंडी काढून टोपलीत ठेवते, चालेल ना?"

दमट उन्हाळ्यात तरी नको. थंडगार अंडं बाहेर आलं की थोड्याच वेळात कवचाला घाम फुटतो. बोट फिरवून बघा, ओलसर लागेल. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि त्या ओलाव्याबरोबर वरचे जंतू आत शिरू शकतात. म्हणून फ्रिजमध्ये गेलेलं अंडं तिथेच राहू द्या. काढलंच तर दोन तासांत शिजवा. बाहेर ठेवायची ती पहिल्यापासूनच बाहेर, सावलीत आणि न धुता ठेवा, कारण धुतल्यावर कवचावरचा नैसर्गिक लेप जातो. आणि पाण्यात बुडालं म्हणजे अंडं चांगलं, यावर कृपया विसंबू नका. त्यातून अंडं किती जुनं ते कळतं, आत साल्मोनेलासारखे आजारी पाडणारे जंतू आहेत का ते नाही.