मदत हवी आहे: औषधाच्या लेबलच्या स्क्रीनशॉटवरून रिमाइंडर कसा लावू?

साताऱ्याची_लेक
आईला काचबिंदू आहे. लॅटॅनोप्रोस्टचे थेंब रोज रात्री घालते. ती साताऱ्यात, मी पुण्यात. नवी बाटली आणली की ती खोक्याचा फोटो व्हॉट्सॅपवर पाठवते. मी स्क्रीनशॉट काढून गूगल लेन्सने अक्षरं उचलते आणि कॅलेंडरात टाकते. या वेळी हे आलं:

```
B.No. LT4B17
MFG. 09/2024
EXP. 06/2026
```

शेजारच्या काकू म्हणतात, खोक्यावर 08 आहे. बाटली ५ मार्चला उघडली. रिमाइंडर कोणत्या तारखेचा लावू? आणि बॅच नंबर लिहून ठेवायचा का?

कोथरूडकर
स्क्रीनशॉट काढूच नकोस. व्हॉट्सॅप फोटो दाबतं, त्यात ती ठिपक्यांची छपाई, मग 8 चा 6 होतो. काकूंना फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांग. 08 असेल तर १ ऑगस्टला औषध संपलं, म्हणून ३१ जुलैचा रिमाइंडर लाव.

मसालेवाली
माझ्या पाकिटांवर तर फक्त 'पॅकिंगपासून ९ महिने' असतं. लेन्स त्यातून तारीख कशी काढणार?

औषधवाले_काका
मसालेवाली, पॅकिंगची तारीख उचला आणि नऊ महिने स्वतः मोजा, दुसरा इलाज नाही.

कोथरूडकर, फोटोचं बरोबर, तारखेचं नाही. नुसता महिना छापला असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत औषध चालतं, म्हणजे ३१ ऑगस्ट. लेकी, 08 च असावं. सप्टेंबर २०२४ ते ऑगस्ट २०२६ अशी बरोबर दोन वर्षं भरतात, 06 धरलं तर बावीसच महिने होतात. औषधांची मुदत सहसा अशी पूर्ण वर्षांत असते. तरी मूळ खोकं एकदा बघाच.

पण ही तारीख न उघडलेल्या बाटलीची. उघडल्यावर हे थेंब चारच आठवडे वापरायचे. ५ मार्चपासून २८ दिवस म्हणजे २ एप्रिल, खरा रिमाइंडर हाच. तीन-चार दिवस आधीचा आणखी एक लावा, म्हणजे नवी बाटली घरात येईल. न उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवायची, डब्यात नाही.

बॅच नंबर ठेवाच. केंद्रीय औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ, दर महिन्याला प्रमाणित दर्जाच्या नसलेल्या औषधांची यादी काढते. तिथे बॅचवरूनच जुळवता येतं. मात्र बॅचमधला B की 8 हे हिशेबाने कळत नाही. त्यामुळे नोंदीत नंबर लिहा आणि मूळ फोटोही जपून ठेवा.

साताऱ्याची_लेक
काका, मी तर ऑगस्ट धरून बसले होते! २९ मार्च आणि २ एप्रिल, दोन्ही लावले, सकाळी ८ ला.

आता अडचण अशी की उघडल्याची तारीख फोटोत नसते आणि आई सांगायला विसरते.

औषधवाले_काका
बाटलीवर कायमच्या शाईच्या पेनाने तारीख लिहायची आणि त्यानंतरच फोटो काढायचा.

साताऱ्याची_लेक
तिला बारीक लिहिणं दिसत नाही. आणि थेंब उरले की टाकवत नाहीत तिला. कुणाच्या घरी यावर काही जमलंय का?