प्रतिसाद: −2 हे उत्तर का नाकारायचे?

«लातूरच्या शिकवणीत log₂x + log₂(x−2) = 3 सोडवताना x = 4 आणि x = −2 आले. सरांनी −2 खोडले. ते ऋण आहे म्हणून का?»

ऋण असणे हे कारण नव्हे. मूळ समीकरणात दोन वेगळे लॉगॅरिदम आहेत आणि ते दोन्ही अस्तित्वात असण्यासाठी x > 0 व x − 2 > 0, म्हणजेच x > 2 असायला हवे. आपण त्यांची बेरीज log₂[x(x−2)] अशी एकत्र करतो, तेव्हा केवळ गुणाकार धन असण्याची अट उरते; आणि −2 घेतल्यास (−2)(−4) = 8, म्हणजे दोन ऋण संख्यांचा गुणाकार धन येऊन ती अट पूर्ण होते. म्हणून x² − 2x − 8 = 0 या वर्गसमीकरणाला −2 हे मूळ अगदी योग्य आहे, पण मूळ समीकरणात log₂(−2) लिहावे लागते आणि वास्तव संख्यांमध्ये त्याला अर्थ नाही.

प्रश्नच log₂(x² − 2x) = 3 असा दिला असता, तर 4 आणि −2 ही दोन्ही उत्तरे ठेवावी लागली असती. त्यामुळे पडताळणी नेहमी दिलेल्या मूळ समीकरणातच करावी. वर्गसमीकरणात केली तर ही चूक कधीच सापडणार नाही.