पत्रिकेचं कारण सांगू नका

"बघितलेल्या मुलीला नकार देताना पत्रिका जुळत नाही असं सांगून टाकू का, म्हणजे कुणाला वाईट वाटणार नाही?"

नका सांगू. पत्रिका बघूनच तर पोह्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो, त्यामुळे समोरच्याला खोटं लगेच कळतं आणि मग ती पोरगी स्वतःतच खोट शोधत बसते. आमच्या धाकट्या भावासाठी जुळे सोलापुरातलं एक स्थळ बघितलं, मुलगी छान होती, दोघं फोनवरही दोनदा बोलले, पण तिला पुण्यातली नोकरी सोडायची नव्हती आणि ह्याचं चादरींचं दुकान इथंच. मध्यस्थ काकू म्हणाल्या मी कळवते, पण त्यांच्या तोंडून "मुलाला पसंत नाही" एवढंच गेलं असतं आणि तेच पुढं चार घरांत फिरलं असतं. म्हणून तिसऱ्या दिवशी आधी भावानंच तिला फोन केला, "तुमच्याशी बोलून बरं वाटलं, पण मला सोलापूर सोडता येणार नाही आणि तुम्ही नोकरी सोडावी असं मला वाटत नाही, म्हणून इथंच थांबूया." मग लगेच अण्णांनी तिच्या वडलांना तेच सांगितलं, आणि काकूंनाही तेच, शब्द न बदलता. कारण रंग, उंची, शिक्षण असलं तर मात्र ते सांगूच नये, "माझं मन तयार होत नाहीये" एवढं पुरतं. आणि हो, बायोडाटा अन् फोटो घरच्या ग्रुपवरनं सगळ्यांना डिलीट करायला लावा, आमच्या आत्याच्या मोबाईलमध्ये तो महिनाभर तसाच होता, मला फार लाज वाटली.